स्क्रीनशॉट द्यावा की फोटो? सातबारा एआयकडून वाचून घेताना

चित्र वाचणाऱ्या एआय मॉडेलला कागदपत्र दाखवायचं असेल तर स्क्रीनशॉट चांगला की कॅमेऱ्याचा फोटो, असं नवीन माणूस हमखास विचारतो. 'स्क्रीनशॉट' हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं, पण ते अपुरं आहे. संपूर्ण पान एका नजरेत दिसेल असा काढलेला स्क्रीनशॉट कागदाच्या नीट काढलेल्या फोटोपेक्षा वाईट वाचला जातो. म्हणून चित्र कशाने काढलं याबरोबरच, मॉडेलपर्यंत पोचेपर्यंत एका अक्षराच्या वाट्याला किती पिक्सेल उरतात, हेही पाहावं लागतं.

हे समजून घ्यायला सातबारा घेऊ. गावाकडे घरोघरी तो लागतो, त्यात बारीक मराठी अक्षरं असतात, तक्ते असतात, आणि हेक्टर-आर-चौरस मीटरमधले आकडे असतात. आकडा चुकला की जमीन चुकते. सातबाऱ्यावर जे जमेल ते वीजबिल, पासबुक, गुणपत्रिका यांनाही लागू पडतं.

आधी ठरवा: मूळ वस्तू कुठे आहे?

उतारा मोबाईलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर असेल तर स्क्रीनशॉट काढा. हातात कागद असेल तर फोटो काढा. पडद्याचा फोटो काढू नका. गॅलरीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवू नका.

पडद्याचा फोटो का नको? पडदा बारीक ठिपक्यांच्या जाळीचा असतो आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरचीही स्वतःची जाळी असते. या दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की फोटोत रंगीत लाटा उमटतात. त्यांना मोआरे म्हणतात. आपला डोळा त्या लाटांकडे दुर्लक्ष करून अक्षर वाचतो. मॉडेलला मात्र अनुस्वाराचा ठिपका आणि लाटेचा ठिपका वेगळा करणं जड जातं. शिवाय पडद्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि पान तिरकं येतं. स्क्रीनशॉटमध्ये यातलं काहीच नसतं, कारण तिथे कॅमेराच नसतो. पडद्यावर जो पिक्सेल आहे तोच फाईलमध्ये जातो. बहुतेक ठिकाणी फाईल पीएनजी असते, म्हणजे दाबून लहान करतानाही तिच्यातला तपशील हरवत नाही.

गॅलरीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट का नको, तेही बघा. बारा मेगापिक्सेलचा उभा फोटो साधारण ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलचा असतो. पुष्कळ मोबाईलांचा पडदा १०८० पिक्सेल रुंद असतो. त्या पडद्यावर तो फोटो उघडून स्क्रीनशॉट काढला की रुंदी जवळजवळ एक तृतीयांशावर येते. ही युक्ती वापरणाऱ्यांचं कारण खोटं नसतं: फोटोत लपलेलं ठिकाणाचं लोकेशन त्यामुळे निघून जातं आणि आडवा पडलेला फोटो सरळ होतो. पण लोकेशन शेअर करतानाच्या पर्यायांत बंद करता येतं आणि फोटो गॅलरीत फिरवता येतो. त्यासाठी दोन तृतीयांश रुंदी घालवायची गरज नाही.

मॉडेल तुमचं चित्र लहान करतं

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. आपण पाठवलेलं चित्र मॉडेल आहे तसं बघत नाही. ठराविक मापापेक्षा मोठं असेल तर ते आधी लहान केलं जातं. माप प्रत्येक सेवेचं वेगळं असतं आणि नव्या आवृत्तीबरोबर बदलतं. क्लॉड या एआय मॉडेलच्या पुष्कळ आवृत्त्यांसाठी लांब बाजूची मर्यादा १५६८ पिक्सेल दिलेली आहे. जीपीटी-४ओ हे मॉडेल बारकाईने बघण्याच्या पद्धतीत चित्र आधी २०४८ च्या चौकोनात बसवतं आणि मग लहान बाजू ७६८ वर आणतं. आपण १५६८ धरून हिशेब करू. तुमच्या मॉडेलचं माप वेगळं असलं तरी हिशेबाची रीत हीच राहील.

समजा ए-फोर कागदावरचा उतारा आहे आणि त्यातलं अक्षर मात्रा-वेलांटी सोडून सुमारे २ मिलिमीटर उंच आहे. कागद २९७ मिलिमीटर लांब.

पहिला प्रकार: कागदाचा उभा फोटो, पान चौकटीचा नव्वद टक्के भाग भरतंय. ४०३२ चे १५६८ होतात, म्हणजे पानाच्या वाट्याला सुमारे १४१० पिक्सेल येतात. एका मिलिमीटरला पावणेपाच. अक्षर साडेनऊ पिक्सेल उंच. अनुस्वाराचा ठिपका जेमतेम दोन पिक्सेलचा.

दुसरा प्रकार: लॅपटॉपवर उताऱ्याची पीडीएफ उघडली, पूर्ण पान दिसेल एवढी लहान केली आणि सगळ्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढला. पडदा १९२० बाय १०८०, त्यात वरच्या-खालच्या पट्ट्या सोडून पानाला सुमारे ९०० पिक्सेल मिळाले. एका मिलिमीटरला तीन, म्हणजे अक्षर सहा पिक्सेल. पुढे मॉडेल १९२० चे १५६८ करतं, तेव्हा उरतात पाच. चित्र अगदी स्वच्छ आहे, एक लाट नाही, सावली नाही, तरीही वाचनासाठी ते पहिल्या फोटोहून वाईट आहे.

तिसरा प्रकार: तीच पीडीएफ दोनशे टक्के मोठी केली आणि पानाचा पडद्यावर दिसणारा वरचा भाग तेवढा कापून स्क्रीनशॉट घेतला. नेहमीच्या लॅपटॉपवर आता एका मिलिमीटरला सुमारे साडेसात पिक्सेल येतात आणि पूर्ण रुंदी १५९० च्या आसपास बसते. मॉडेलला जवळजवळ काहीच लहान करावं लागत नाही. अक्षर पंधरा पिक्सेल, आणि कडा स्वच्छ.

चौथा प्रकार: पहिलाच कागदाचा फोटो, पण पाठवण्याआधी गॅलरीत क्रॉप करून फक्त क्षेत्राचा तक्ता ठेवला, समजा १० बाय ६ सेंटिमीटरचा. मूळ फोटोत एका मिलिमीटरला बारा पिक्सेल होते. तुकडा सुमारे १२२० बाय ७३० चा झाला. तो मर्यादेच्या आत असल्यामुळे लहान होतच नाही. अक्षर चोवीस पिक्सेल.

या चारांत जो फरक आहे तो मुख्यतः क्रॉपचा आहे. मोबाईलच्या फोटोत तपशील भरपूर असतो, पण पूर्ण पान पाठवलं की तो वाटेत फेकला जातो. क्रॉप केलं की तो टिकतो. माझा अंदाजपंचे नियम असा: देवनागरी अक्षर मॉडेलपर्यंत पंधरा पिक्सेलच्या आसपास पोचलं तर निश्चिंत राहा, दहाच्या खाली गेलं तर आकड्यांवर भरवसा ठेवू नका. इंग्रजी अक्षर थोड्या कमी पिक्सेलांत निभावतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार, मात्रा आणि खाली उकार अशी गर्दी असते, म्हणून तिला जागा जास्त लागते.

पडद्यावरचा उतारा: स्क्रीनशॉट असा काढा

लॅपटॉपवर पान आधी मोठं करा, मग हवा तेवढाच भाग निवडा. विंडोजवर त्यासाठी `Windows + Shift + S` आहे, मॅकवर `Shift + Command + 4`. पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका. टॅबची पट्टी आणि टास्कबार यांना पिक्सेल देऊन उपयोग नाही.

मोठं करताना एक गोष्ट तपासा. पान खरोखर अक्षरांचं असेल तर मोठं केल्यावर अक्षर पुन्हा नव्याने रेखलं जातं आणि कडा धारदार राहतात. पण काही संकेतस्थळं उतारा चित्र म्हणून दाखवतात. तिथे मोठं केलं की अक्षर नुसतं फुगतं, कडा धूसर होतात आणि नवा तपशील काही येत नाही. बोटाने झूम करून बघा. एका टप्प्यापुढे अक्षर धूसर व्हायला लागलं तर तेच त्याचं खरं माप. तिथेच थांबून स्क्रीनशॉट घ्या.

तुकडे पाडताना प्रत्येक तुकड्यात तक्त्याचं शीर्षक येईल असं पाहा. 'खाते क्रमांक', 'भोगवटादाराचे नाव', 'क्षेत्र', 'आकार', 'पोटखराब' ही डोकी वरच्या तुकड्यात राहिली आणि खालच्या तुकड्यात नुसते आकडे गेले, तर मॉडेल आकाराचे रुपये क्षेत्राच्या खाली लिहून मोकळं होतं. शीर्षक येणं शक्यच नसेल तर प्रश्नात स्तंभांचा क्रम तुम्ही लिहून द्या. दोन तुकड्यांत एखादी ओळ दोन्हीकडे येऊ द्या, म्हणजे मधली ओळ निसटत नाही.

मोबाईलवरचा लांबलचक, स्क्रोल करत घेतलेला स्क्रीनशॉट मात्र टाळाच. तो बघायला सोयीचा वाटतो, पण समजा तो १०८० बाय ९६०० झाला. लांब बाजू १५६८ वर आणली की रुंदी उरते १७६ पिक्सेल. पडद्यावर तीस पिक्सेलचं ठळक अक्षर पाचवर येतं. त्यापेक्षा साधे चार-पाच स्क्रीनशॉट द्या. एका पडद्याचा १०८० बाय २४०० चा स्क्रीनशॉट लहान होऊन ७०६ बाय १५६८ होतो, तेच अक्षर एकोणीस-वीस पिक्सेलचं राहतं आणि छान वाचलं जातं.

पाठवण्याआधी वरची पट्टी बघा. तिथे एखाद्या मेसेजची सूचना, ओटीपी, बँकेची शिल्लक असं काही आलेलं असू शकतं. ते कापून टाका.

पीडीएफ हातात असेल तर स्क्रीनशॉट कशाला, पीडीएफच का देऊ नये, हा रास्त प्रश्न आहे. आधी एक चाचणी करा. पीडीएफमधली एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी नीट उमटली तर पीडीएफ द्या, ते सर्वांत उत्तम. पण मराठी पीडीएफमध्ये पुष्कळदा जुन्या फाँटची मांडणी असते, आणि पेस्ट केल्यावर अगम्य चिन्हं किंवा उलटसुलट झालेल्या वेलांट्या येतात. तसं झालं तर वर सांगितलेले दोनशे टक्क्यांचे स्क्रीनशॉट जास्त भरवशाचे.

कागदावरचा उतारा: फोटो असा काढा

कागद सपाट टेबलावर ठेवा. घड्या हाताने सरळ करा. दिवसा खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा ठिकाणी. फ्लॅश बंद. लॅमिनेशन केलेल्या कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालची ओळ कायमची जाते. प्रकाश बाजूने येऊ द्या, म्हणजे तुमच्या हाताची आणि मोबाईलची सावली पानावर पडणार नाही.

मोबाईल कागदाला समांतर धरा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चौकटीच्या रेषा चालू केल्या की तक्त्याच्या रेषांशी त्या जुळवता येतात. फार जवळ जाऊ नका. खूप जवळ गेलं की काही मोबाईल आपोआप रुंद कोनाच्या लेन्सवर जातात आणि पानाच्या कडेचे आकडे ताणले जातात. हातभर लांबून दुप्पट झूम करून काढलेला फोटो अधिक सरळ येतो. अक्षरावर बोट टेकवून फोकस करा आणि मगच बटण दाबा.

स्कॅनरचं ॲप वापरायला हरकत नाही, ते तिरकेपणा काढून टाकतं. पण त्यातला काळा-पांढरा पर्याय निवडू नका. तो फिकट खुणा पांढऱ्यात आणि गडद खुणा काळ्यात टाकतो. या झटापटीत फिकट छपाईतले अनुस्वार आणि दशांशाचे ठिपके पुसले जातात, आणि शिक्क्याखालची अक्षरं शिक्क्यात मिसळून एकच काळा डाग होतो. रंगीत ठेवा. शिक्का निळा आणि अक्षर काळं आहे हा फरक मॉडेलच्या उपयोगाचा आहे.

फोटो सरळ आहे ना, हे पाठवण्याआधी बघा. मोबाईल पुष्कळदा चित्र आडवंच साठवतो आणि 'दाखवताना फिरवा' अशी खूण फाईलमध्ये सोबत लिहितो. गॅलरी ती खूण पाळते, म्हणून आपल्याला सरळ दिसतं. ज्या सेवेत ती खूण वाचली जात नाही तिथे मॉडेलपुढे आडवं पान येतं आणि वाचन घसरतं. क्रॉप करून सेव्ह केलं की बहुतेक वेळा हा प्रश्न मिटतो. आयफोनचे फोटो २०१७ पासून नव्या मोबाईलांवर एचईआयसी प्रकारात साठवले जातात. सगळीकडे ते स्वीकारले जात नाहीत, तिथे जेपीजी करून पाठवा.

फोटो दुसऱ्याकडून व्हॉट्सॲपवर येणार असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की तो लहान होऊन येतो, आणि मग क्रॉप करून काढायला तपशीलच शिल्लक नसतो.

पडद्याचा फोटो काढण्यावाचून गत्यंतर नसेल, म्हणजे सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर नोंद दिसतेय आणि प्रिंट मिळत नाहीये, तर थोडं मागे सरकून दुप्पट झूम करा आणि लाटा कमी होईपर्यंत मोबाईल किंचित कलता करा. दोन-तीन वेगवेगळ्या अंतरांवरून फोटो घ्या. लाटांची जागा प्रत्येकात वेगळी असते.

पाठवण्याआधीची चाचणी

लॅपटॉपवर इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर असेल तर मॉडेल जे बघणार आहे त्याच्या जवळपासचं चित्र तुम्ही स्वतः पाहू शकता:

```
magick utara.jpg -auto-orient -resize "1568x1568>" test.png
```

ही आज्ञा फोटो सरळ करते आणि लांब बाजू १५६८ पेक्षा मोठी असेल तरच लहान करते. `test.png` शंभर टक्के आकारात उघडा, आणखी मोठं न करता. क्षेत्राच्या स्तंभातला बारीक आकडा तुम्हाला स्वतःला अडखळत वाचावा लागला, तर मॉडेल तो अंदाजाने भरणार हे धरून चाला आणि क्रॉप करा.

मॉडेल चुकतंय हे कसं ओळखाल

चूक होते ती जागा फसवी असते. चित्र धूसर असलं तरी मॉडेल मराठी वाक्यं शुद्ध लिहितं. 'भोगवटादार वर्ग-१' ही अक्षरं अर्धवट दिसली तरी ते बरोबर लिहितं, कारण उताऱ्यावर तिथे काय असतं हे त्याला ठाऊक आहे. नेहमीचं आडनावही असंच अंदाजाने जमून जातं. त्यामुळे आपल्याला वाटतं की सगळंच बरोबर वाचलं. पण 'क्षेत्र ०.४०.५०' यात अंदाज करायला जागा नाही. ४ च्या जागी ५ असता तरी उतारा तितकाच खरा दिसला असता. म्हणून पारख नेहमी आकड्यांवर करा. नाव फारसं प्रचलित नसेल तर त्यावरही करा, कारण तिथे मॉडेल जवळचं ओळखीचं नाव घालून देतं.

मराठी आकड्यांत आणखी एक धोका आहे. देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा. एकाच पानावर दोन्ही लिपींचे आकडे असले की घोटाळा वाढतो. म्हणून सांगताना असं सांगा: 'तक्ता ओळीने जसाच्या तसा उतरवून दे. आकडे ज्या लिपीत आहेत त्याच लिपीत ठेव. जे स्पष्ट दिसत नाही तिथे अंदाज न करता अस्पष्ट असं लिही.' आधी नुसतं उतरवून घ्या, अर्थ आणि हिशेब नंतर विचारा. एकाच दमात 'माझ्या वाट्याला किती एकर?' असं विचारलं तर चुकलेला आकडा उत्तराच्या आत गडप होतो आणि सापडत नाही.

आता आपला उतारा. समजा त्यावर लागवडीयोग्य क्षेत्र १.१२.५०, पोटखराब ०.०३.०० आणि एकूण १.१५.५० आहे. खातेदार तीन: ०.४०.५०, ०.३७.०० आणि ०.३८.००. बेरीज करा: १.१५.५०. जुळली. पूर्ण पानाच्या त्या पाच पिक्सेलच्या स्क्रीनशॉटवरून मॉडेलने पहिलं क्षेत्र ०.५०.५० असं वाचलं असतं, तर बेरीज १.२५.५० आली असती. फरक दहा आरचा, म्हणजे जवळजवळ पाव एकराचा. शब्द सगळे बरोबर असूनही ही चूक घडू शकते, आणि ती बेरीज केल्याशिवाय दिसत नाही.

ही बेरीज तुम्ही स्वतः करा, त्याच संभाषणात मॉडेलला करायला सांगू नका. बेरीज जुळत नाही हे कळल्यावर ते एखादा आकडा जुळेल असा बदलून देऊ शकतं, आणि तो बदल कागदावरून आलेला नसतो. सातबाऱ्यावर बेरीज जुळण्याची ही सोय आहे म्हणून ती वापरायची. फेरफार क्रमांकासारख्या एकट्या आकड्याला असा आधार नसतो. तिथे तोच तुकडा नव्या संभाषणात पुन्हा देऊन दोन्ही उत्तरं ताडून पाहा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर चूक नाहीच असं नाही, पण वेगवेगळी आली तर निदान एक वाचन चुकलेलं आहे हे नक्की.

बेरीज जुळली नाही तर पूर्ण उतारा पुन्हा पाठवू नका. शंका असलेल्या खातेदाराची एक ओळ आणि वरचं शीर्षक एवढंच क्रॉप करा, कागदाचा असेल तर जवळून नवा फोटो घ्या, पडद्यावरचा असेल तर झूम वाढवून नवा स्क्रीनशॉट घ्या, आणि नव्या संभाषणात फक्त तेवढीच ओळ उतरवून मागा. तरीही 'अस्पष्ट' आलं तर तो आकडा मूळ कागदावर भिंग लावून स्वतः वाचा. खरेदीखत, वाटणी किंवा कर्जासाठी वापरायचा आकडा असेल तर ओळ स्पष्ट आली तरीही मूळ उताऱ्याशी बोट ठेवून एकदा पडताळा.